सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, त्यानंतरची गोष्ट

ही पोस्ट बायकोला दाखवून टाकतोय. तिने दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली.

मी ४३ वर्षांचा. घोडबंदर रोडला राहतो, नोकरी महापेला. दोन वर्षांपूर्वी, गणपतीनंतर, बायकोजवळ असताना मला ताठरता येईनाशी झाली. कधी यायची आणि ऐन वेळी जायची, कधी यायचीच नाही. पहिल्या दोन वेळा दमलो असेन म्हणून सोडून दिलं. मग रात्री लॅपटॉप घेऊन हॉलमध्ये बसायला लागलो. ती झोपली असं वाटलं की आत जायचो. ती काही विचारायची नाही. पुढे कळलं, माझं बाहेर कुठेतरी सुरू आहे असं तिने धरून ठेवलं होतं.

भिंतीवरच्या जाहिरातवाल्यांकडे गेलो नाही, साध्या फिजिशियनकडे गेलो, आणि आधी तिथेच जावं असं माझं आजही ठाम मत आहे. लिंगातल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे हा त्रास कधीकधी हृदयविकाराच्या काही वर्षं आधी दिसतो. बीपी, साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर, कोलेस्ट्रॉल आणि सकाळी लवकर रक्त देऊन टेस्टोस्टेरॉन, एवढ्या तपासण्या झाल्या. सगळं नॉर्मल. मग डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले. सकाळी जाग येते तेव्हा ताठरता असते का? एकटे असताना हस्तमैथुनाच्या वेळी येते का? दोन्हींना माझं उत्तर हो होतं. ते म्हणाले, ‘म्हणजे नसा, रक्तपुरवठा, हार्मोन सगळं काम करतंय. हळूहळू कमी होत गेलं असतं, सकाळचीही गेली असती, तर मी शरीरात आणखी शोधलं असतं. तुमचं एकाच ठिकाणी अडतंय.’

त्यांनी सिल्डेनाफिलची ५० मिलिग्रॅमची गोळी दिली. हृदयासाठी नायट्रेटची गोळी, म्हणजे जिभेखाली ठेवायची असते तीसुद्धा, चालू नाही ना, हे दोनदा विचारून घेतलं, कारण दोन्ही एकत्र घेतल्या तर रक्तदाब धोकादायक खाली जातो. गोळीने एकदा काम केलं, नंतर दोनदा नाही. तेव्हा मी खचलो. आता कळतं की ती गोळी इच्छा निर्माण करत नाही. मेंदूकडून उत्तेजनेचा इशारा आला की रक्त साठायला ती मदत करते. इशाराच येत नसेल तर गोळी करणार काय?

इशारा का येत नव्हता, हे नौपाड्यातल्या एका समुपदेशक बाईंकडे कळलं. त्यांनी सहा आठवडे एक वही ठेवायला सांगितली. जवळ आलो ती तारीख, जमलं की नाही, आणि त्या दिवशी घरात काय बोलणं झालं. बस. मला ते शाळेतल्या गृहपाठासारखं वाटलं, तरी लिहिलं. सहा आठवड्यांनी वही उघडली तर ज्या दिवशी सासऱ्यांचा फोन आला होता किंवा घराचा विषय निघाला होता, त्या प्रत्येक दिवशी ‘नाही’ लिहिलेलं. मधे दोन दिवस अलिबागला गेलो होतो, तिथे दोन्ही दिवस ‘हो’.

‘या घराचं काय आहे?’ असं त्यांनी विचारलं आणि माझा गळाच दाटून आला.

घर घेताना सासऱ्यांनी १२ लाख दिले होते. बाकीचं कर्ज माझ्या पगारातून जातं. वास्तुशांतीला माझ्या मावशीने घराचं कौतुक केलं, तेव्हा बायको म्हणाली, ‘बाबा होते म्हणून झालं, नाहीतर आम्ही अजून कळव्यातच असतो.’ माझे वडील शेजारी उभे होते, हातात जिलबीची प्लेट. कळव्याचं घर त्यांचं, तिथेच त्यांनी आम्हाला वाढवलं. त्यांनी प्लेटकडे बघितलं आणि जिलबी न खाता प्लेट खुर्चीवर ठेवली. मी हसलो. पुढची तीन वर्षं यावर एक शब्द बोललो नाही.

मला राग आला की मी भांडत नाही, उलट जास्तच नीट वागतो. भाजी आणतो, मुलीचा अभ्यास घेतो, ‘ठीक आहे’ म्हणतो. त्यामुळे मी रागावलोय हे मलाच कळत नव्हतं. पुरुषाचा राग म्हणजे आरडाओरडा, दार आपटणं, हेच आपल्या डोक्यात असतं. गप्प बसणाऱ्याला सगळे समंजस म्हणतात.

ताठरता यायची तर लिंगातले स्नायू सैल पडावे लागतात, तेव्हाच रक्त आत भरतं. राग किंवा भीती असली की शरीर सावध होतं, अ‍ॅड्रिनलिन वाढतं आणि तेच स्नायू आवळलेले राहतात. मी जिच्यापासून मनातून अंग चोरत होतो तिच्याच कुशीत निवांत व्हायला बघत होतो. त्यात दुसरा थर चढला. एकदा फसलं की पुढच्या वेळी बायकोकडे लक्षच नसायचं, स्वतःच्या शरीरावर पाळत ठेवून असायचो, ‘येतंय का, टिकतंय का’. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन जोडीने १९७० मध्ये हेच मांडलं होतं: माणूस स्वतःचाच प्रेक्षक होतो. म्हणून सगळं खापर रागावर फोडू नये. सुरुवात रागाने झाली, नंतर भीतीने ते धरून ठेवलं.

आणि यात बायकोचा दोष काढू नका. तिला ते वाक्य आठवतही नव्हतं.

बोलायला तीन बैठका लागल्या. ‘तू नेहमी’ हे शब्द वापरायचे नाहीत, एकच प्रसंग आणि तेव्हा मला काय वाटलं एवढंच सांगायचं, अशी अट होती. मी जिलबीची प्लेट सांगितली. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘बाबांनी साठवलेले पैसे दिले. तू एकदाही त्यांच्याजवळ मला आनंद झाला असं म्हणाला नाहीस. त्या दिवशी मी तुझ्या वाटचं बोलत होते.’ हे खरं होतं. पैसे घेताना मला इतकी लाज वाटली होती की आभार मानायचेच राहिले. तीन वर्षं दोघंही एकाच गोष्टीवरून रुसलो होतो, दोन वेगळ्या बाजूंनी.

त्यानंतर स्पर्शाचा सराव दिला. संभोगाला पूर्ण बंदी. आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी २० मिनिटं, आळीपाळीने फक्त स्पर्श, सुरुवातीला लिंग आणि स्तन सोडून. बंदी असल्यामुळे नापास व्हायची भीतीच उरत नाही. पहिल्या बुधवारी सराव बाजूला राहिला आणि आम्ही भांडलो. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, राग शिल्लक असेल त्या दिवशी सराव करूच नका, आधी बोला. चौथ्या आठवड्यात ताठरता आपोआप आली, तरी बंदी पाळायला लावली. सगळं मिळून चार महिने गेले.

मधुमेह असता तर एवढ्याने भागलं नसतं. चाळिशीनंतर शरीर आणि मन दोन्हींचा वाटा असू शकतो, म्हणून तपासण्या टाळू नका. पण तपासण्या नीट आल्या आणि सकाळची ताठरता शाबूत असेल, तर गोळीचा डोस वाढवण्याआधी बायकोला काय सांगायचं राहिलंय ते लिहून काढा.

आजही कधीकधी होतं. गेल्या महिन्यात मुलीच्या क्लासच्या फीवरून बिनसलं. तीन हात नाक्याच्या सिग्नलला गाडी थांबली होती, तेव्हाच मी तिला म्हटलं, ‘मला राग आलाय, घरी गेल्यावर बोलू.’ रात्री साडेबारापर्यंत बोललो. मग तिने चहा केला आणि आम्ही झोपलो.