परवानगी आहे का, मॅडम?

गुरुवारपासून माझ्या चित्रातली बरणी डावीकडे कललेली आहे. खरं तर ती काढली तेव्हापासूनच कललेली होती, पण ते मला कळलं गुरुवारी. कळवलं आठवीतल्या एका मुलानं, आणि तेही इतक्या अदबीनं की धड रागावता आलं नाही. तो राग अजून तसाच शिल्लक आहे, म्हणून हे लिहिते आहे.

मुलांनी एकमेकांच्या चित्रांवर सभ्यपणे आणि उपयोगाचं काहीतरी बोलावं, यासाठी मी एक तास राखून ठेवला होता. अशा तासाला पहिलं चित्र शिक्षकानं स्वतःचं लावायचं असतं. बाईंनी आधी निमूट ऐकून दाखवलं तर पुढे पोरंही ऐकून घेतात, असा त्यामागचा हिशोब. शिवाय त्या चित्रात एखादी ढळढळीत चूक आधीच पेरून ठेवायची, म्हणजे पोरांना ती सापडते, त्यांना हुरूप येतो आणि आपल्याला मोठ्या मनानं "अरे हो की!" म्हणता येतं. माझ्या वस्तुचित्रात एक बरणी, दोन पुस्तकं आणि खाली चुरगळलेलं कापड होतं. उजेड डावीकडून येत होता आणि बरणीची सावलीसुद्धा मी डावीकडेच टाकली होती. आंधळ्यालाही दिसावी अशी चूक. "अरे हो की!" मी घरून पाठ करूनच आले होते.

पद्धत माझी नाही. लिझ लर्मन नावाच्या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेनं 1990 मध्ये ती बसवली आणि नाचणाऱ्यांप्रमाणे चित्रं काढणाऱ्यांनाही ती चालते. पायऱ्या चार. आधी बघणाऱ्यांनी चित्रात काय जाणवलं, काय लक्षात राहिलं ते सांगायचं. मग चित्रकारानं स्वतःला पडलेले प्रश्न विचारायचे. मग बघणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे, पण त्या प्रश्नांत मत दडवलेलं नको. आणि सगळ्यात शेवटी मत, तेही परवानगी मागून: "मला सावलीबद्दल एक मत आहे, ऐकणार का?" चित्रकार "नको" म्हणू शकतो. हा "नको" मला फार आवडला होता. आपल्याला तो लागेल असं मात्र वाटलं नव्हतं.

तिसरी पायरी सगळ्यात अवघड. "बरणी वाकडी का काढली?" हा प्रश्न नव्हे, ती शेपटाला प्रश्नचिन्ह बांधलेली टीका आहे. "बरणीची मध्यरेषा आधी आखली होती का?" हा खरा प्रश्न. हा फरक मी दोन तास घालवून घोटून घेतला होता. तो घोटला नसता तर गुरुवार सुखाचा गेला असता.

आता गणिताच्या सरांकडे यावं लागेल. त्यांच्या वर्गात बाकं हलवण्याचं काम चाललं होतं, म्हणून ते चाचणीच्या पेपरांचा गठ्ठा घेऊन माझ्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसले. "तुम्ही चालू द्या मॅडम, मी आहे असं समजूच नका," म्हणाले. जो माणूस असं म्हणतो तो आहे हे पुढचा पूर्ण तास विसरता येत नाही.

पहिलं एक मिनिट कुणी बोलायचं नाही, फक्त बघायचं. हे मिनिट फार कामाचं, कारण पोरांच्या तोंडात पहिला शब्द "छान" असतो आणि मिनिटभरात तो विरघळतो. बत्तीस मुलं गप्प. मागून आवाज आला, "दहापैकी पाच."

"सर, आपण गुण देत नाही आहोत."

"मग चित्र कसं आहे ते कळणार कसं?"

"बोलून."

"बोलून," सर म्हणाले. असं म्हणाले, की जणू मी बेरीज बासरीवर शिकवते.

पहिली पायरी सुरू झाली. एक मुलगी म्हणाली, कापडाच्या घड्या बघून ते नुकतंच कुणीतरी ओढलं असावं असं वाटतं. मी खूश. दुसरा म्हणाला, "सावली उजेडाच्याच बाजूला गेलीय, म्हणजे खोलीत आपल्याला न दिसणारा दुसरा दिवा असणार. मला ते गूढ वाटलं." तिसऱ्यालाही ते गूढ वाटलं. मग सगळ्या वर्गालाच वाटायला लागलं. माझ्या पेरलेल्या चुकीची तिथल्या तिथे शैली झाली. आता "ती चूक आहे रे" असं सांगायचं कसं? या पायरीवर चित्रकारानं आपली बाजू मांडायची नसते. नियम मीच फळ्यावर लिहिला होता.

दुसऱ्या पायरीवर मी विचारलं, "कापडाचं शेडिंग पुरेसं गडद आहे का?" हा सुरक्षित प्रश्न होता. पोरांनी सांगितल्याप्रमाणे डोळे किलकिले करून पाहिलं. डोळे बारीक केले की बारकावे पुसले जातात आणि काळ्या-पांढऱ्याचे ढोबळ ठोकळे तेवढे उरतात. कापड आणि टेबल एकाच करड्या रंगात मिसळतात, असं चारपाच जणांनी सांगितलं. बरोबरच होतं. गडद उमटणाऱ्या 4B पेन्सिलीऐवजी मी HB वर भागवलं होतं, आळशीपणा, दुसरं काय.

मग तिसऱ्या बाकावरचा तो मुलगा उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर दुष्टपणाचा लवलेश नव्हता, हे मी शपथेवर सांगते. "मॅडम, बरणीची मध्यरेषा तुम्ही आधी आखली होती का?"

शब्दन् शब्द माझाच. मी म्हटलं, "नाही, अंदाजानं काढली."

"मग मला बरणीच्या उभेपणाबद्दल एक मत आहे. ते ऐकायला तुमची परवानगी आहे का?"

नको म्हणायचा हक्क होता. पण बत्तीस जणांसमोर, आपणच शिकवलेल्या नियमाच्या पहिल्याच वापराला नको म्हणणारी बाई पुढे कुठल्या तोंडानं शिकवणार? मी म्हटलं, "सांग."

त्यानं सांगितलं नाही, त्यानं दाखवलं. चित्र काढून घेऊन खिडकीच्या काचेवर उलटं धरलं, मागची बाजू आपल्याकडे. उजेडात चित्र आरपार दिसायला लागलं, पण आरशातल्यासारखं. आणि ती बरणी! बसमध्ये झोपलेला माणूस शेजाऱ्याच्या खांद्यावर कलतो तशी कलली होती. रोज एकाच बाजूनं बघून डोळा तो कल पचवून टाकतो. चित्र उलटं झालं की तोच कल दुसऱ्या दिशेला जातो आणि डोळ्याला पचत नाही. ही युक्तीही मीच शिकवली होती, गेल्या सत्रात.

सर केव्हा उठले कळलं नाही. हातात पट्टी होती. बरणीच्या तोंडाच्या लंबवर्तुळाचा मध्य त्यांनी पेन्सिलीनं टिंब देऊन काढला (माझ्या चित्रावर!), मग बुडाचा मध्य, मग कागदाच्या कडेपासून दोन्हींचं अंतर. "नऊ मिलिमीटर," ते म्हणाले. "तोंड बुडाच्या नऊ मिलिमीटर डावीकडे. बरणीची उंची सतरा सेंटिमीटर. म्हणजे साधारण तीन अंशांचा कल. मॅडम, ही बरणी भरली तर सांडेल."

"तीन अंशात नाही सांडणार, सर."

"काठोकाठ भरली तर?"

आणि आम्ही, दोन पदवीधर माणसं, काठोकाठ भरलेली बरणी तीन अंशात सांडते की नाही यावर सहा मिनिटं भांडलो. मुलांनी दोन गट केले. कुणीतरी पाण्याची बाटली तिरपी करून दाखवली आणि दुसऱ्या बाकावरची वही भिजली. काठोकाठ भरलेली सांडते, हे मला मान्य करावं लागलं. तासाभरात कुणालाही एवढं खणखणीत, मोजून दिलेलं मत मिळालं नाही आणि ते नेमकं नियम न वाचलेल्या माणसानं दिलं. त्यांनी परवानगी मागितली नव्हती, चित्राऐवजी चित्रकाराशीच ते बोलले होते, आणि वर गुणही दिले होते. पण टिंब बरोबर जागी होतं.

कल आला कुठून, हे मी घरी शोधलं. उजव्या हातानं बरणीची लांब उभी रेघ मी मनगट टेकवून ओढते. मनगट टेकवलं की ते खिळ्यासारखं काम करतं आणि हात त्याभोवती कंसात फिरतो, म्हणून रेघ वर जाताना वळते. खांद्यातून हात फिरवला असता तर सरळ आली असती. हेही मी शिकवते.

मूळ बेत असा होता: माझ्या चित्राला आठ मिनिटं, मग चारचारचे आठ गट, एकेका मुलाच्या चित्राला सात मिनिटं. चाळीस मिनिटांच्या तासात हे कसंबसं बसतं, कारण चार सत्ते अठ्ठावीस आणि आठ, छत्तीस. बत्तीस चित्रं सगळ्यांनी मिळून बघायची म्हटली तर पाचव्या चित्रापर्यंतच घंटा होते, म्हणून गट. प्रत्यक्षात बरणीनं बावीस मिनिटं खाल्ली. उरलेल्या अठरांत गटांनी चिठ्ठ्या लिहून काम भागवलं. घाईत लिहिलेल्या चिठ्ठ्यांचं जे व्हायचं तेच झालं.

घंटा झाल्यावर मागे राहिलेल्या एका मुलीनं तिच्या तीन चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या. "छान", "खूप छान", आणि "छान आहे, असंच काढत जा". तिनं पानांच्या कडेला हिरव्याच्या आत तांबडा मिसळून बघितला होता, आणि तो कुठे जमलाय, कुठे चिखल झालाय, हे तिला विचारायचं होतं. "मॅडम, माझं कुणी बघितलंच नाही का?" तिनं विचारलं. मला तिथे विनोद सुचला नाही. आम्ही दोघींनी पाच मिनिटं पानांकडे बघितलं, पुढच्या तासाला ती उशिरा पोचली आणि बोलणी खाल्ली. पुढच्या वेळी चिठ्ठीवर दोनच ओळी छापून देणार होते: "मला दिसलं की" आणि "कुठे". "छान" लिहायला जागाच ठेवणार नव्हते.

पुढची वेळ म्हणजे शुक्रवार होता. त्याआधी एका दुपारी सर स्टाफरूममध्ये माझ्यासमोर येऊन बसले, कधी नव्हे ते हात जोडून.

"मॅडम, तुमच्या शुक्रवारच्या तासाबद्दल मला एक मत आहे. ऐकायला परवानगी आहे का?"

माणूस शिकला, या आनंदात मी क्षणभर विरघळले. मग भानावर येऊन म्हटलं, "नाही, सर."

"ठीक आहे," म्हणाले, आणि खरंच उठून गेले. मत त्यांनी सांगितलंच नाही. शुक्रवारी चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन मी वर्गात गेले, तर फळ्यावर काटकोन त्रिकोण होता, मुलांच्या वह्या उघड्या होत्या आणि वेळापत्रकात "चित्रकला" खोडून वर पेन्सिलीनं "गणित" लिहिलं होतं. अक्षरं अगदी सरळ, एक अंशही कल नाही.