गादी मागितली, गाडी मिळाली

आमच्या ऑनलाइन दुकानातल्या सर्चचा इंडेक्स, म्हणजे वस्तूंच्या नावांतल्या शब्दांची सूची, नव्यानं बांधून झाला, टायपो चालवून घेणारी सोयही सुरू झाली. "आता फक्त एकदा सर्च बघून घ्या," असं मला सांगण्यात आलं. या 'फक्त'ने आजवर कुणाचं भलं केलेलं नाही.

मी 'गादी' शोधलं. सगळ्यात वर आलं 'गाडी कव्हर'. खाली 'खादी कुर्ता'. खरी गादी बिचारी पाचव्या नंबरावर.

"हे काय?" मी डेव्हलपरला विचारलं.

"फझी मॅच आहे मॅडम, `AUTO` लावलंय. तीन ते पाच अक्षरांच्या शब्दात एक चूक माफ."

आता 'गादी'त अक्षरं किती? शाळेत विचारलं तर दोन. पण आमचं सर्च ज्यावर चालतं त्या इलास्टिकसर्चला ग, काना, द, वेलांटी अशी चार दिसतात. म्हणजे चारातलं एक बदललं तरी माफ, आणि आमच्या लेखी अर्धा शब्दच बदलला! इतकी क्षमाशीलता संतांना शोभते, सर्चला नाही.

बरं, माफीच्या शब्दाला गुण कमी मिळतात, मग गाडी वर कशी? कुणाला किती गुण का मिळाले ते सांगणारं `explain` लावून पाहिलं. नाव जितकं आटोपशीर तितके गुण जास्त. आमच्या गादीचं नाव मात्र लग्नपत्रिकेतल्या नावासारखं, बिरुदांसकट दोन ओळींचं.

पहिलं अक्षर जुळलंच पाहिजे, अशी अट `prefix_length` मध्ये 1 टाकून घातली. खादी गेली, गाडी ठाम. मग `AUTO:5,8` केलं, म्हणजे पाचपेक्षा कमी अक्षरांना माफी बंद. गाडीही गेली. सगळे खूश. तेवढ्यात मी ऱ्हस्व वेलांटी देऊन 'गादि' शोधलं. शून्य निकाल! आणि ऱ्हस्व-दीर्घाची चूक म्हणजे आपला जन्मसिद्ध हक्क.

शेवटी `hindi_normalization` हा फिल्टर लावला. तो दीर्घ वेलांटी आणि उकार ऱ्हस्व करून टाकतो. साठवतानाही आणि शोधतानाही, त्यामुळे इंडेक्स परत बांधणं आलं. आता 'गादि'ला गादी मिळते. 'दीन' आणि 'दिन' एक झाले, पण ते दुःख व्याकरणवाल्यांचं.

दुसऱ्या बांधणीनंतर मॅनेजर आले. "आपली ती निळी चादर तिसरी होती, आज नववी का?" गुण बघितले, सात चादरींना अगदी सारखे. बरोबरी झाली की इंडेक्समधल्या अंतर्गत क्रमांकावर नंबर ठरतो, आणि बांधणी झाली की ते क्रमांक बदलतात. यावर उपाय म्हणजे गुणांनंतर वस्तूच्या स्वतःच्या क्रमांकानं लावायचं. "म्हणजे तिसरी येईल?" नाही, पण जिथे येईल तिथेच राहील. त्यांना हे उत्तर अजून पटलेलं नाही.

'गाद्या' शोधलं की मात्र अजून शून्य. ते समानार्थी शब्दांच्या यादीत हातानं टाकायचंय. 'उश्या' कुणी अजून शोधलेलं नाही, मीही गप्प आहे.