चार माणसं, १२८ दात

विम्याच्या जाहिरातीसाठी घरगुती, उबदार चित्र हवं आहे, ते एआयकडून काढून घ्यायचं ठरलं आहे आणि प्रॉम्प्ट लिहायचं काम तुमच्या गळ्यात पडलं आहे? डोक्याला ताप करून घेऊ नका. एकच ओळ लिहा: 'सोफ्यावर बसलेलं आनंदी, प्रेमळ, परिपूर्ण कुटुंब, कॅमेऱ्याकडे बघून हसताना.' ही यंत्रं खाली लिहिलेल्या वर्णनाच्या ओळींसकट साठवलेल्या चित्रांवर शिकली आहेत, आणि 'आनंदी कुटुंब' ही ओळ ज्या चित्रांखाली हमखास असते ती तयार छायाचित्रं विकणाऱ्यांच्या गोदामातली. तेच तुमच्या पदरात पडेल: पांढरी भिंत, कडक इस्त्रीचे फिकट कपडे आणि एकाच कोनात कललेल्या चार माना.

वरिष्ठांनी 'ओढूनताणून केलेलं वाटू नये' असं बजावलं असेल, तर तेही इमानदारीने लिहून टाका: 'खोटं हसू नको, अवघडलेपणा नको, पोज नको.' बरीच यंत्रं यातला 'नको' गिळतात आणि हसू, अवघडलेपण, पोज तेवढी उचलतात. त्यांचाही दोष नाही. चित्रात काय नाही हे चित्राखाली कोण कशाला लिहील? नको असलेल्या गोष्टींसाठी काही साधनांत वेगळी चौकट असते. तिकडे फिरकू नका, तिथे लिहिलेलं बऱ्याचदा लागू पडतं.

वयं तर आकड्यांत अजिबात सांगायची नाहीत. 'आजोबा, आई, मुलं' पुरे. मग आजोबा एक तर नव्वदीचे सुरकुतलेले येतात, नाही तर केसांना पांढरा रंग लावलेले पस्तिशीचे. आई मोठ्या मुलाची बहीण दिसते. आणि सात वर्षांच्या मुलीच्या तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात झळकतात. या वयात पुढचा एखादा पडलेला असतो; पण तुम्ही सांगितल्याशिवाय यंत्र तो पाडणार नाही, आणि तुम्ही सांगू नका. त्या खिंडारामुळे पोरगी उगाच खरी वाटायला लागते.

सगळ्यात मोठा धोका म्हणजे माणसांना काम देणं. समजा, कुणी असं लिहिलं: '७० वर्षांचे आजोबा जमिनीवर बसून डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाचा स्क्रू पिळताहेत. शेजारी ७ वर्षांची नात पालथी पडून टॉर्च धरते आहे, तिचा पुढचा एक दात पडला आहे, उजेड चुकून आजोबांच्या गालावर. १५ वर्षांच्या नातवाने एका हाताने टेबल दाबून धरलंय, दुसऱ्या हातात मोबाइल. ४२ वर्षांची आई दारात, धुतलेल्या कपड्यांचा ढीग कवेत, हसू दाबत. कॅमेरा मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर, ३५ मिलिमीटरची लेन्स, उजेड फक्त डावीकडच्या खिडकीतून, उजवीकडची एक तृतीयांश भिंत मोकळी.' झालं, खेळ बिघडला! सगळ्यांच्या नजरा आपापल्या कामावर गेल्या, हात गुंतले, पोज द्यायला कुणी मोकळंच उरलं नाही. ऊब हा शब्द कुठे लिहिलाही नाही, तरी ती दिसते.

कुणाच्या हातून असं लिहून झालंच, तर बिघाड करायची संधी अजून गेलेली नाही. स्क्रू पिळायला दोघांचे हात एकत्र लावायला सांगा. बोटं एकमेकांत मिसळून सहा-सात होतात. चौघांचं वर्णन एकाच लांबलचक वाक्यात कोंबा. आजोबांचा चष्मा नातवाच्या नाकावर जाऊन बसतो. (एकेका माणसाला वेगळं वाक्य आणि एकेक वस्तू दिली की हा घोळ बराच आवरतो, म्हणून ते टाळायचं.) आणखी दोन काका वाढवा, म्हणजे मागच्या रांगेतले चेहरे विरघळतील. शेवटी 'सिनेमॅटिक, अतिसूक्ष्म, ८के, मास्टरपीस' ही फोडणी विसरू नका. त्वचा मेणाची होते, आणि दुपारच्या खोलीत दोन्ही बाजूंनी सूर्य मावळतो.

मोकळ्या भिंतीवर घोषवाक्यही यंत्रालाच लिहायला सांगा. काने, वेलांट्या आणि जोडाक्षरं यांचं ते काय करतं ते बघण्यासारखं असतं. मजकूर आणि अटींची बारीक ओळ नंतर डिझायनरने अचूक बसवायची असते, हे रुक्ष लोकांचं म्हणणं.

आणि ती पहिली ओळ पुसू मात्र नका. टेबलवालं चित्र कुणी बैठकीत मांडलंच, तर ते दोन मिनिटं शांतपणे न्याहाळून कुणीतरी विचारणारच, "छान आहे, पण हे सगळे कॅमेऱ्याकडे बघत का नाहीयेत?"