"चार स्क्रूंचं काम, आणि म्हणे बोर्ड कापा!"

★★☆☆☆
५५ इंची टीव्ही लावायला माणूस बोलावला. त्याने दीड तास भिंत ठोकून, चुंबक फिरवून पाहिलं आणि शेवटी सांगितलं की इथे असा टीव्ही लावणार नाही, बोर्ड कापून आत प्लाय घालावा लागेल, नाहीतर वरून प्लायचं पॅनल करा. व्हिजिट चार्ज मात्र घेतला. शेजाऱ्यांकडे कंपनीच्या माणसाने वीस मिनिटांत चार स्क्रू मारून टीव्ही लावून दिला. व्हिडिओतही सगळे स्टड शोधून सरळ लावतात. उगाच काम वाढवायचा प्रकार वाटला.

मालकाचं उत्तर:

नमस्कार. आधी आमची चूक सांगतो. भिंत विटांची आहे की जिप्सम बोर्डाची, हे फोनवरच विचारायला हवं होतं. ते विचारलं गेलं नाही, म्हणून व्हिजिट चार्ज परत करत आहोत. भिंतीबद्दलचा निर्णय मात्र बदलणार नाही. त्याचं कारण सविस्तर लिहितो, कारण असं पार्टिशन आता बऱ्याच घरांत असतं.

तुमच्या पार्टिशनला दोन्ही बाजूंनी साडेबारा मिलिमीटरचा एकेक बोर्ड आहे आणि मध्ये पत्र्याचे उभे स्टड आहेत. चुंबक फिरवला तो बोर्डाच्या स्क्रूंची डोकी शोधायला. ती एका उभ्या रेषेत सापडली की तिथे स्टड आहे असं समजायचं. तुमच्याकडे या रेषा ६० सेंटिमीटरवर आल्या, आणि टीव्हीचा मध्य तुम्हाला हवा आहे तो नेमका दोन रेषांच्या मधोमध. तुमच्या ब्रॅकेटची प्लेट ४४ सेंटिमीटर रुंद आहे. म्हणजे तिच्या मागे एकही स्टड येत नाही. प्लेट सरकवली तरी एकच सापडतो, दोन कधीच नाहीत.

व्हिडिओतला फरक इथेच आहे. ते बहुतेक अमेरिकेतले असतात. तिथे स्टड लाकडी असतात आणि साधारण ४० सेंटिमीटरवर, त्यामुळे तेवढीच प्लेट दोन स्टडांवर बसते आणि जाड स्क्रू लाकडात चार-पाच सेंटिमीटर रुततो. आपल्याकडे स्टडचा पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर. लाकडाचा स्क्रू त्यात एखाद्या आट्यावरच अडकतो. जोराने आवळला की भोक मोठं होतं आणि स्क्रू नुसता फिरत राहतो.

शेजाऱ्यांची भिंत आम्ही पाहिलेली नाही. ती विटांची असेल तर वीस मिनिटं बरोबर आहेत. पण पोकळ बोर्डात प्लास्टिकची गिट्टी ठोकली असेल, तर ती फुगून धरायला आजूबाजूला भरीव काही नसतं. पाच सेंटिमीटरच्या गिट्टीपैकी सव्वा सेंटिमीटर बोर्डात, बाकीची हवेत. स्क्रू आवळताना जिप्समचा भुगा होतो, आणि हॅमर चालू ठेवून ड्रिल मारलं असेल तर मागचा कागदही फाटलेला असतो. पहिल्या दिवशी हे काहीच दिसत नाही. मग दार आपटतं, कुणी केबल लावायला टीव्ही पुढे ओढतं आणि भोक हळूहळू लांबट होत जातं. प्लेटच्या वरच्या कडेमागे फट, स्क्रूभोवती पांढरी पूड किंवा रंगाला गोल भेग दिसली, तर टीव्ही त्याच दिवशी उतरवा. नुसता स्क्रू पुन्हा आवळू नका, त्याने उरलेला बोर्डही चुरतो.

"मग बटरफ्लाय अँकर का नाही?" असं तुम्ही आमच्या माणसाला विचारलं होतंत. बोर्डामागे पंख उघडणारा अँकर गिट्टीपेक्षा कितीतरी चांगला, हे खरं. पण पाकिटावर लिहिलेलं वजन अँकरचं असतं, तुमच्या बोर्डाचं नव्हे. फोटोफ्रेम किंवा हलकं शेल्फ आम्ही त्यावर लावतो. टीव्ही केवळ बोर्डाच्या भरवशावर लावत नाही, कारण त्याला हात लागतच राहतो. तुमचा टीव्ही आणि ब्रॅकेट मिळून १८ किलो. सपाट ब्रॅकेटमध्ये हे वजन भिंतीपासून सुमारे ५ सेंटिमीटरवर असतं. वरचे स्क्रू प्लेटच्या खालच्या कडेपासून २० सेंटिमीटर उंच धरले, तर त्यांच्यावर बाहेर ओढणारा जोर १८ गुणिले ५ भागिले २०, म्हणजे साडेचार किलो. हे वाचून वाटेल, एवढंच ना! पण पुढे तुम्हाला ब्रॅकेटचा बाहेर येणारा हात लावायचा आहे. तो ४५ सेंटिमीटर ओढला की तोच जोर चाळीस किलोच्या वर जातो, आणि प्रत्येक वेळी हलवताना वाढतो तो वेगळा.

म्हणून दोन पर्याय दिले होते. पहिला, बोर्ड कापायचा. एका स्टडच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत, म्हणजे नव्या तुकड्याच्या कडा स्टडवर टेकतात. उंची सुमारे ४५ सेंटिमीटर. त्याआधी मेन स्विच बंद, कारण स्विचबोर्डाच्या वर-खाली वायर उभी गेलेली असते. कापताना करवतीचं पातं जेमतेम बोर्डाच्या जाडीइतकंच आत जाऊ द्यायचं. मग दोन्ही स्टडना आतून लाकडी रीप सेल्फ ड्रिलिंग स्क्रूने लावायची आणि त्यांवर १८ मिलिमीटरचा प्लाय, स्टडच्या तोंडाशी सपाट येईल असा. वर बोर्डाचा तुकडा, सांध्यावर कागदी टेप आणि जॉइंट कंपाउंडचे दोन-तीन हात. प्रत्येक हात वाळू द्यावा लागतो, म्हणूनच "आज होणार नाही" म्हटलं. शेवटी ब्रॅकेटला सहा मिलिमीटर जाड, ५० मिलिमीटर लांब सहा स्क्रू, आधी चारचं भोक पाडून. त्यातले १८ मिलिमीटर प्लायमध्ये पूर्ण धरतात, उरलेलं टोक पोकळीत येतं, म्हणून तिथे वायर नाही हे प्लाय बसवण्याआधीच पाहून घ्यायचं.

दुसरा पर्याय आम्हाला तुमच्यासाठी जास्त पटतो. काही कापायचं नाही. १८ मिलिमीटरचं, १३० सेंटिमीटर रुंद प्लायचं पॅनल बोर्डावरूनच बसवायचं. टीव्हीचा मध्य ३० सेंटिमीटर सरकवून एका स्टडवर आणला, तर एवढ्या रुंदीत तीन स्टड येतात. प्रत्येकावर सहा सेल्फ ड्रिलिंग स्क्रू, एकूण अठरा. त्यांची लांबी निदान ५० मिलिमीटर हवी, कारण प्लाय आणि बोर्डातच साडेतीस जातात. एकेका स्क्रूची पकड थोडी असली तरी वजन अठरांवर वाटलं जातं आणि पॅनल ब्रॅकेटच्या प्लेटपेक्षा बरंच रुंद असल्याने ओढ एका जागी साठत नाही. वरून लॅमिनेट लावलं की ते मुद्दाम केलेल्या टीव्ही पॅनलसारखं दिसतं. मात्र हे सपाट ब्रॅकेटसाठी. हात लावायचा असेल तर वरच्या ओळीत स्टडचा पत्रा पार करून मागे उघडणारे टॉगल बोल्ट घालू.

काम कुणाकडूनही करून घ्या, पण टीव्ही चढवण्याआधी एक चाचणी मागा. प्लेट लागली की तिच्या वरच्या कडेने भिंतीवर पेन्सिलची बारीक रेघ मारायची, प्लेटला पाण्याचे वीस लिटरचे दोन कॅन एकामागून एक अडकवायचे आणि रात्रभर ठेवायचे. सकाळी प्लेट रेघेवरून खाली आलेली नसावी आणि वरच्या कडेमागे कागदही शिरू नये. नुसत्या बोर्डावर लावलेल्या प्लेटला ही चाचणी करू नका, कॅन पायावर येईल.

तारीख कळवा. यायच्या आधी टीव्हीच्या मागच्या भोकांचं अंतर मोजून ठेवलंत, तर ब्रॅकेट बदलायला पुन्हा फेरी पडणार नाही.