खुलासा : मिठाच्या पाण्याने जीन्सचा रंग पक्का होत नाही

“नवी जीन्स रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवा, रंग कायमचा पक्का!”

हा मेसेज मीही पुढे पाठवला होता, चुकलंच. जीन्सचा निळा रंग म्हणजे इंडिगो. तो सुताच्या बाहेरच्या थरावरच बसतो आणि घासलं की सुटतो; मीठ त्याला धरून ठेवत नाही. लांबी कमी करताना उरलेल्या तुकड्यातला निळा धागा कापून बघा, आत पांढरा दिसेल. असे दोन तुकडे घेऊन मी एकच मिठात भिजवला. ओल्या पांढऱ्या फडक्यावर दोघांचाही रंग सारखाच उतरला.

जीन्स आठ-दहा वेळा घातल्यावर, उलटी करून, थंड पाण्यात वेगळी धुवा. ब्रश नको. गरम पाणी आणि ड्रायरने ती आटते, म्हणून सावलीत वाळवा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.