घरचंच कार्य आहे, कागद कसले मागता?

चार्जशीट मिळालं? अभिनंदन. आता कंपनी तुमची ‘डोमेस्टिक इन्क्वायरी’ करणार. मराठीत घरगुती चौकशी. घरगुती शब्दाला घाबरू नका, घरचंच कार्य आहे ते. यजमान कंपनी, साक्षीदार कंपनीचे, चौकशी अधिकारी दर बैठकीचं मानधन घेऊन बाहेरून आलेले वकीलसाहेब, पण त्यांचं पाकीट आणि चहाही कंपनीचाच. परके असलात तर तुम्हीच. तेव्हा पाहुण्यासारखं वागा. गेली काही वर्षं मी कामगारांचा बचाव प्रतिनिधी म्हणून अशा कार्यांना बसतो आहे. त्या अनुभवाच्या जोरावर चार समजुतीच्या गोष्टी सांगतो.

समजा तुमच्यावरचा आरोप असा आहे. तिसरी पाळी संपवून सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तुम्ही मागच्या गेटमधून बाहेर पडत होता, आणि तुमच्या डब्याच्या पिशवीत 2 किलो 350 ग्रॅम पितळी बुश सापडले. चार्जशीटला सुरक्षारक्षकाचा एक पानी रिपोर्ट जोडला आहे, इंग्रजीत. खाली वेळ 7:25.

हे वाचून काही आगाऊ कामगार काय करतात? लगेच अर्ज खरडतात. त्या दिवसाची गेटची नोंदवही दाखवा, सुरक्षारक्षकांचा ड्युटी चार्ट दाखवा, वजनाची पावती दाखवा, बुश खरोखर कमी पडले का ते पाहायला स्टोअरचं स्टॉक रजिस्टर दाखवा, गेटवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवा. वर अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि सही मागतात! किती अविश्वास! तुम्ही असलं काही करू नका. फार वाटलंच तर पर्सोनेलच्या साहेबांना जिन्यात गाठून तोंडी विचारा. ते ‘बघतो’ म्हणतील. तुम्ही समाधानाने घरी जा आणि निलंबनाच्या निम्म्या पगारात महिनाभर वाट बघा. बऱ्याच ठिकाणी महिन्याभराच्या आत जुन्या चित्रणावर नवं चढतं. मग कॅमेऱ्याचा प्रश्न आपोआप मिटतो, आणि पुढे कोणत्याही कोर्टात तुम्हाला दाखवता येत नाही की तुम्ही ते वेळेत मागितलं होतं.

अगदीच लिहून द्यायचं असेल तर ‘सर्व संबंधित कागदपत्रे मिळावीत’ एवढंच लिहा. यातून काहीच निष्पन्न होत नाही. कंपनीने बाळगलेला प्रत्येक कागद कामगाराला दिलाच पाहिजे असं कोर्ट म्हणत नाही, आरोपाशी ज्याचा संबंध आहे तोच द्यावा लागतो. अमुक तारखेचा ड्युटी चार्ट, कारण त्या वेळी हा रक्षक मागच्या गेटवर होता का ते तपासायचं आहे, असं एका ओळीचं कारण देणारा माणूस धोकादायक असतो. त्याला नकार द्यायचा तर नकाराचंही कारण लिहावं लागतं. साहेबांना कशाला त्रास?

पहिल्या बैठकीला चौकशी अधिकारी प्रेमाने म्हणतील, ‘काय झालं ते आधी तुम्हीच सांगून टाका. प्रकरण लवकर मिटेल.’ सांगून टाका. पिशवी कोणाची होती, गेटवर कोण होतं, घाई कसली होती, सगळं. कंपनीचे साक्षीदार तोवर बाहेर बाकड्यावर बसलेले असतात आणि त्यांना तुमच्या हकिगतीप्रमाणे आपली जुळवून घ्यायला सवड मिळते. मीनग्लास चहामळ्याच्या कामगारांच्या बाबतीत असंच घरगुती वातावरण होतं. साक्षीदारांची भानगडच नको म्हणून बहुतेकांना थेट प्रश्न विचारून चौकशी आटोपली. सुप्रीम कोर्टाने 1963 साली या सोहळ्यावर पाणी ओतलं. ज्याने आरोपाला उत्तर द्यायचं, त्याला नुसता आरोप नव्हे तर त्यामागचा पुरावा आधी ऐकायला मिळाला पाहिजे आणि साक्षीदाराला प्रश्न विचारता आले पाहिजेत, असं कोर्ट म्हणालं. म्हणजे आधी कंपनीने बोलायचं, मग तुम्ही. हा निकाल खिशात ठेवून बैठकीला जाणारे आणि ‘साहेब, आधी त्यांचा पुरावा होऊ द्या’ असं प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्यायला लावणारे लोक असतात. त्यांच्याशी कोणी हसून बोलत नाही.

मग सुरक्षारक्षक येईल. त्याच्या हातात टाइप केलेलं निवेदन असेल. तो ते वाचेल, म्हणजे व्यवस्थापनाचे प्रतिनिधी वाचतील आणि तो मान डोलावेल. तुमच्या हातात प्रत तेव्हाच पडेल आणि लगेच प्रश्न येईल, ‘उलटतपासणी घ्यायची आहे?’ अशा वेळी घड्याळाकडे बघून ‘नाही’ म्हणावं. प्रोसिडिंगमध्ये सुबक ओळ पडते: ‘संधी देऊनही कामगाराने उलटतपासणी घेतली नाही.’ न विचारलेलं सगळं तुम्हाला मान्य आहे, असा सोयीचा अर्थ नंतर काढता येतो. केसोराम कापड गिरणीच्या खटल्यात, तेही 1963 सालीच, सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की साक्ष खरं तर कामगारासमोर मुळापासून व्हावी. आधी लिहिलेली निवेदनं वापरायचीच असतील तर त्यांच्या प्रती किमान दोन दिवस आधी द्याव्यात. दोन दिवस! तेवढ्यात माणूस निवेदन चारदा वाचेल, ड्युटी चार्ट शेजारी ठेवेल, कोणा जाणत्याला विचारेल. म्हणून मुदत मागू नका. मागितली आणि नाकारली, तर नाकारल्याची नोंद होऊन बसते आणि तीच पुढे साहेबांना टोचते.

इथे एक गैरसोयीची गोष्ट सांगावी लागते. नुसतं ‘मला प्रती दिल्या नाहीत’ म्हणून ओरडल्याने चौकशी दर वेळी रद्द होत नाही. एका सरकारी बँकेच्या अधिकाऱ्याला 1996 साली सुप्रीम कोर्टात हाच धडा मिळाला. त्याला निवेदनांच्या प्रती दिल्या नव्हत्या, पण तीन दिवसांहून अधिक आधी ती वाचून टिपणं काढू दिली होती. कोर्टाने विचारलं, मग नुकसान काय झालं? याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. तेव्हा तुम्ही नुकसान काय झालं ते कधीच लिहू नका. ‘ड्युटी चार्ट न मिळाल्याने हा रक्षक सातला सुटतो हे मला त्याला विचारता आलं नाही’ असं वाक्य तर स्वप्नातही नको.

आता उलटतपासणी. घ्यायचीच झाली तर भांडणासारखी घ्या. ‘तू खोटं का बोलतोस? माझ्यावरच का डूख धरलास?’ असा ‘का’ विचारा. त्यावर रक्षक जे पाच मिनिटांचं भाषण देतो, ते त्याच्या मूळ निवेदनापेक्षा तुम्हाला जास्त गोत्यात आणतं.

एका बैठकीत माझ्या शेजारच्या कामगाराने मात्र ऐकलं नाही. आरोप असाच होता. त्याने आवाजही चढवला नाही. विचारलं, ‘तुमची ड्युटी किती वाजता संपली?’

‘सातला.’

‘सुटी करायला दुसरा आला होता?’

‘आला होता.’

‘पितळेचं वजन कुठे केलं?’

‘स्टोअरच्या काट्यावर.’

‘स्टोअर किती वाजता उघडतं?’

‘नऊला.’

‘आणि हा रिपोर्ट तुम्ही 7:25 ला लिहिला, वजनासकट?’

रक्षकाने व्यवस्थापनाच्या प्रतिनिधीकडे पाहिलं. प्रतिनिधी पेन शोधू लागला.

‘रिपोर्टात इंटरसेप्टेड असा शब्द आहे. म्हणजे काय, दादा?’

‘ते... ऑफिसात लिहिलंय.’

‘कोणी?’

इथे चौकशी अधिकाऱ्यांना चहाची आठवण झाली. चहा झाल्यावर शेवटचा प्रश्न ‘अप्रस्तुत’ ठरला आणि प्रोसिडिंगमधून गायब झाला. बघा, किती अवघड जागी आणलं त्याने सगळ्यांना! वर हट्ट धरला की प्रश्न नाकारला असेल तर प्रश्न आणि नकार दोन्ही लिहा, नाहीतर मी सहीखाली तसं लिहीन. आणि त्याने लिहिलं. ‘रिपोर्ट कोणी लिहिला हा माझा प्रश्न नोंदवला नाही,’ मराठीत, बॉलपेनने, तारखेसह. मग त्या पानाची प्रतही मागून घेतली. तुम्ही मात्र पान न वाचता सही करा. पानं बरीच असतात आणि शेवटची बस सहाची असते.

थोडा दिलासाही देतो, साहेबांना. घरगुती चौकशीला पुराव्याचा कायदा काटेकोर लागू होत नाही. हरियाणा रोडवेजच्या एका कंडक्टरने तक्रार केली होती की बिनतिकीट प्रवाशांपैकी एकालाही साक्षीला आणलं नाही. सुप्रीम कोर्टाने 1977 मध्ये सांगितलं की तपासणी पथकाच्या निरीक्षकाची साक्ष आहे, तीही पुरावाच आहे, तेवढी पुरते. म्हणजे ‘अमका साक्षीदार आणलाच नाही’ या मुद्द्यावर विसंबणाऱ्याची निराशा होऊ शकते. खरी गंमत जो साक्षीदार आणला आहे त्याच्याशी बोलण्यात असते. म्हणून तर त्याच्याशी बोलू नका म्हणतो आहे.

एवढं करूनही तुम्ही बडतर्फ झालात आणि लेबर कोर्टात गेलात, तर तिथे पहिला मुद्दा निघतो की चौकशी न्याय्य होती का. तुमच्या गप्प बसण्यामुळे ती न्याय्यच ठरेल. पण त्या शेजारच्या कामगारासारखं वागला असाल, तर चौकशी सदोष ठरू शकते. लगेच पेढे वाटू नका. कंपनीने आपल्या लेखी कैफियतीत तशी मुभा मागून ठेवली असेल तर तिला कोर्टासमोर आरोप नव्याने सिद्ध करायची संधी मिळते. म्हणजे तोच सुरक्षारक्षक पुन्हा पिंजऱ्यात, या वेळी शपथेवर आणि चहाविना.

त्या कामगाराच्या प्रकरणात हे व्हायला काही वर्षं गेली. मधल्या काळात कंपनीने सुरक्षेचं कंत्राट दुसऱ्या एजन्सीला दिलं होतं. साक्षीच्या तारखेला कंपनीच्या वकिलांनी मुदत मागितली, रक्षकाचा पत्ता सापडत नाही म्हणून. पुढच्या तारखेलाही मागितली. तिसऱ्या तारखेला कोर्टाने विचारलं, निदान त्या दिवसाचा ड्युटी चार्ट तरी आणलाय का?

वकिलांनी पर्सोनेलच्या साहेबांकडे पाहिलं. साहेब माझ्याकडे बघत होते. मी त्यांना मान झुकवून नमस्कार केला आणि आवकचा शिक्का असलेली अर्जाची दुसरी प्रत कामगाराच्या वकिलाकडे सरकवली.