जळजळ म्हणजे रेटिनॉलचा गुण नव्हे

«चाळिशी आली? रेटिनॉल रोज रात्री लावा. जळजळ झाली, सालं निघाली म्हणजे ते लागू पडतंय, थांबू नका. रात्रीच लावायचं असल्यानं सनस्क्रीन नको. शेवटी जीवनसत्त्व अ आहे, गरोदरपणीही चालतं.»

माझ्या वहिनीनं सुरकुत्यांवरच्या रेटिनॉल क्रीमबद्दलचा हा मेसेज वाचून तसंच केलं. काही दिवसांतच नाकाच्या कडा आणि ओठांचे कोपरे लाल झाले, साधं मॉइश्चरायझरही चुरचुरायला लागलं. तरी ती थांबली नाही, कारण मेसेजमध्ये तसं लिहिलं होतं! डोळ्यांजवळच्या बारीक रेषा आहेत तिथेच आहेत, वर गालांवर काळपट डाग पडलेत. गव्हाळ, सावळ्या त्वचेला दाह झाला की असे डाग राहतात आणि जायला महिने लागतात.

सुरुवातीला थोडा कोरडेपणा, किंचित सालं निघणं होतं, एवढं मान्य. पण जास्त जळजळ म्हणजे जास्त गुण, हे साफ खोटं आहे. रेटिनॉलचं त्वचेत शेवटी ट्रेटिनॉइन, म्हणजे जीवनसत्त्व अ चं प्रत्यक्ष काम करणारं रूप होतं. त्याच ट्रेटिनॉइनची ०.०२५ आणि ०.१ टक्के क्रीमं उन्हानं सुरकुतलेल्या चेहऱ्यांवर ४८ आठवडे वापरून केलेला अभ्यास १९९५ मध्ये ‘आर्काइव्ह्ज ऑफ डर्मटॉलॉजी’त छापून आला. सुधारणा दोन्हींत सारखीच दिसली, त्रास मात्र चौपट तीव्र क्रीमनं कितीतरी जास्त झाला.

म्हणून सुरुवात आठवड्यातून दोन रात्री करायची. चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढंच क्रीम लावायचं. पापण्या, नाकाच्या कडा, ओठांचे कोपरे सोडायचे. त्वचा नाजूक असेल तर आधी मॉइश्चरायझर. काही आठवडे निभावलं तरच एक रात्र वाढवायची. रेषांमधला फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात. मॉइश्चरायझर झोंबायला लागलं की रेटिनॉल बंद. झोंबणं पूर्ण थांबल्यावर पुन्हा दोन रात्रींपासून.

रेटिनॉल उजेडात निकामी होतं, म्हणून ते रात्री लावतात. त्याचा अर्थ दिवसा उन्हात मोकळं फिरायचं असा नाही. त्या रेषा मुळात बऱ्याचशा उन्हानंच पाडलेल्या असतात, शिवाय चिडलेली त्वचा उन्हात लवकर काळवंडते. सकाळी निदान एसपीएफ ३०चं सनस्क्रीन लावायचं, उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा.

गरोदरपणाबद्दलचं वाक्य वाचून मात्र संताप आला. याच कुळातल्या, मुरुमांवर देतात त्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांनी गर्भात गंभीर व्यंग येतं, हे सिद्ध झालेलं आहे. क्रीममधून रक्तात फार थोडं जातं, पण ते बाळाला निर्धोक आहे याची खात्री नाही, म्हणून गरोदरपणी आणि मूल हवं असताना ते बंदच ठेवायला सांगतात. चाळिशीत पाळी चुकली की बायका रजोनिवृत्ती जवळ आली असं धरून चालतात, पण तेव्हाही दिवस राहू शकतात. पाळी लांबली तर आधी घरी चाचणी करा. नकळत लावलं गेलं असेल तर घाबरू नका. लगेच बंद करून डॉक्टरांना सांगा.